समाजमंदिरातल्या वाचनालयाचं नाव कसं ठरवावं?

पुस्तकं आली, दोन कपाटं आली, हॉलची संध्याकाळची वेळही मिळाली. आता नाव. आमच्याकडे पहिल्या बैठकीत नावांवरून जो वाद झाला, तो पुस्तकांवरूनही झाला नव्हता, म्हणून क्रम सांगतो.

आधी काय नको ते ठरवा. ‘बाल’ शब्द घातलात तर आजोबा पायरी चढत नाहीत, ‘ज्येष्ठ’ घातलात तर पोरं. देणगीदाराचं नाव कपाटावर छान दिसतं, वाचनालयाला नको. पुढचा देणगीदार मग हात आखडता घेतो. हॉलचं नावही जोडू नका, उद्या जागा बदलली तर पाटी खोटी ठरते.

मग दाराशी एक डबा ठेवून आठवडाभर चिठ्ठ्या घ्या. चिठ्ठीवर सुचवणाऱ्याचं नाव नको, नाहीतर मतं माणसाला पडतात. आमच्या डब्यात ‘ज्ञानगंगा’ चार वेळा निघालं.

यातून तीन-चार नावं निवडा आणि त्यांची परीक्षा घ्या. दुसरीतल्या मुलांना ती शुद्धलेखनासारखी लिहायला सांगा. ‘ज्ञानगंगा’ आमच्याकडे तिथेच अडली: एकाने ‘द्न्यान’ लिहिलं, दुसरीने ‘ग्यान’. ‘ओसरी’ मात्र सगळ्यांनी बरोबर लिहिली. मग तीच नावं कमी ऐकू येणाऱ्या एका आजींना फोनवर सांगितली आणि परत म्हणायला लावली. ‘अक्षरवेल’चं ‘अक्षरमेळ’ झालं, ‘ओसरी’ ओसरीच राहिली. मुलांना ओसरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण ते सांगायला शेजारीच आजोबा बसले होते. नाव थोडं अनोळखी असलं तर असंही चालतं.

हॉल समितीतले एक काका म्हणाले, “भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! उद्या तुम्ही सगळा हॉल घ्याल.” बैठक हसली, पण मुद्दा खरा होता. दोन कपाटं आणि संध्याकाळचे दोन तास, एवढंच त्याच दिवशी लिहून दिलं.

नावाची लांबीही बघा. लांबलचक नाव लोक आपसूक तोडतात. नाशिकचं 1840 सालचं सार्वजनिक वाचनालय सगळ्यांच्या तोंडी ‘सावाना’ झालं, आणि ते गोडही झालं. तुमच्या नावाची आद्याक्षरं जोडून काय होतं ते आधीच मोठ्याने म्हणून पाहा. नाव रबरी शिक्क्याच्या आकारात कागदावर लिहा. चष्मा न लावता वाचता येत नसेल तर शब्द कमी करा.

पुढे संस्था म्हणून नोंदणी करायची असेल तर आधीच नोंदलेल्या संस्थेशी मिळतंजुळतं नाव अडतं, म्हणून दुसऱ्या पसंतीचं नाव हाताशी ठेवा.

पाटीवर ‘ओसरी’ मोठ्या अक्षरांत, ‘वाचनालय’ खाली लहान, त्याखाली वेळ. पाटी खिळ्याने ठोकू नका, हुकाला टांगा. हॉलमध्ये कुणाचं बारसं असलं की त्या दिवशी ती काढावीच लागते.