मुरुमांची गोळी, पीसीओडीची गोळी आणि लिपिड प्रोफाइल: या चुका टाळा

चेहऱ्यावरच्या हट्टी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन आणि पाळी नियमित व्हावी म्हणून किंवा गर्भनिरोधनासाठी संयुक्त हार्मोनची गोळी, अशी दोन्ही औषधे एकाच वेळी घेणाऱ्या तरुणींची संख्या कमी नाही. एक औषध त्वचारोगतज्ज्ञ देतात, दुसरे स्त्रीरोगतज्ज्ञ देतात आणि दोन्ही चिठ्ठ्या एकत्र करून पाहणारे बहुधा कोणीच नसते. या दोन्ही औषधांमुळे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढू शकतात. त्यात स्टेरॉइडची गोळी आली की तिसरी भर पडते.

आयसोट्रेटिनॉइन सुरू करण्यापूर्वी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, न करणे ही पहिली चूक आहे आणि पुढचा बहुतेक घोळ तिच्यातून होतो. औषधाच्या चाचण्यांमध्ये सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचे ट्रायग्लिसराइड्स लक्षणीय वाढलेले आढळले. कोलेस्टेरॉल वाढण्याचे प्रमाण त्यापेक्षा बरेच कमी होते आणि एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल काही जणांत घटले. ही वाढ साधारणपणे पहिल्या चार ते आठ आठवड्यांत दिसून येते. म्हणून सुरुवातीचा एक आकडा आणि या काळातला दुसरा आकडा हाताशी असावा लागतो. पहिलाच आकडा नसेल, तर दुसरा औषधामुळे वाढला की मुळातच तसा होता, हे सांगता येत नाही. ज्यांच्या घरात मधुमेह आहे, ज्यांचे वजन जास्त आहे किंवा जे नियमित मद्यपान करतात, त्यांच्यात मुळातच वाढलेला आकडा सापडण्याची शक्यता अधिक असते.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या गर्भनिरोधक गोळ्यांना एकाच मापाने मोजणे. संयुक्त गोळीत एथिनिल एस्ट्रॅडिऑल हे एस्ट्रोजेन असते. तोंडावाटे घेतल्यावर ते आधी यकृतातून जाते आणि ट्रायग्लिसराइड्स वाहून नेणाऱ्या व्हीएलडीएल कणांची निर्मिती वाढवते. एचडीएलही त्यामुळे वाढते. गोळीतले दुसरे हार्मोन, म्हणजे प्रोजेस्टिन, या परिणामाला किती आवर घालते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. सरकारी ‘माला-डी’मध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते. त्याचा स्वभाव थोडा पुरुषी हार्मोनसारखा असल्यामुळे ते ट्रायग्लिसराइड्सची वाढ बरीचशी दाबते, मात्र एलडीएल हे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांच्या बाबतीत त्याचा कल प्रतिकूल दिशेला असतो. उलट पीसीओडी आणि मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या, सायप्रोटेरॉन किंवा ड्रोस्पिरेनॉन असलेल्या गोळ्यांमध्ये एस्ट्रोजेनला असा विरोध होत नाही. म्हणजे ज्या गोळ्या मुरुमांसाठी चांगल्या, त्यांच्यातच ट्रायग्लिसराइड्सची वाढ अधिक ठळक दिसते. डॉक्टरांना नुसते ‘पाळीची गोळी चालू आहे’ असे न सांगता पाकीट दाखवणे म्हणूनच आवश्यक आहे.

तिसरी चूक अहवाल वाचताना होते आणि ती शिकलेल्या घरांतही होते. एक उदाहरण घेऊ. सत्तावीस वर्षांची विवाहित स्त्री वर्षभर सायप्रोटेरॉनची संयुक्त गोळी घेत आहे आणि दोन महिन्यांपूर्वी तिला रोज २० मिलिग्रॅम आयसोट्रेटिनॉइन सुरू झाले. अहवालात एकूण कोलेस्टेरॉल २३६, एचडीएल ५४, ट्रायग्लिसराइड्स ३८० आणि एलडीएल १०६ असे आकडे आहेत. एलडीएल ठीक आहे म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण अनेक प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून काढतात. इथे २३६ मधून ५४ आणि ७६ गेले की १०६ उरतात. ट्रायग्लिसराइड्स जसजसे वाढतात, तसतसा हा पाचवा भाग प्रत्यक्षापेक्षा मोठा ठरतो आणि एलडीएल खोटेच कमी दिसते. ४०० च्या पुढे तर हे सूत्र वापरूच नये, असा नियम आहे. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करावे. तो आकडा इथे १८२ येतो आणि १३० च्या आत असावा या नेहमीच्या अपेक्षेपेक्षा तो बराच वर आहे. शंका राहिलीच, तर ‘डायरेक्ट एलडीएल’ ही चाचणी मागता येते.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. रक्त देण्यापूर्वी तिने सकाळचा चहा आणि बिस्किटे घेतली होती. ट्रायग्लिसराइड्स जेवणाने आणि आदल्या दिवशीच्या मद्याने वाढतात, शिवाय एरवीही ते दिवसागणिक कमीजास्त होतात. म्हणून इतका वर गेलेला आकडा दहा-बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासावा. समजा, दुसऱ्यांदा तो ३४० आला, तर वाढ खरी आहे.

आता चौथी चूक, आणि सर्वांत धोक्याची: घाबरून सगळ्याच गोळ्या एकदम बंद करणे. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना गर्भधारणा झाली तर गर्भात गंभीर दोष निर्माण होऊ शकतात. त्यामुळे ते सुरू करण्यापूर्वी एक महिना, चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना खात्रीचे गर्भनिरोधन अनिवार्य असते. आकडा बघून केवळ संयुक्त गोळी थांबवली आणि पर्याय ठेवला नाही, तर ट्रायग्लिसराइड्सच्या प्रश्नाहून कितीतरी मोठा प्रश्न उभा राहतो. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीला डॉक्टरांनी तांबी बसवून मगच संयुक्त गोळी थांबवली, तर गर्भनिरोधन तुटत नाही आणि तांबीचा लिपिडवर परिणामही होत नाही. एका वेळी एकच बदल केल्याचा आणखी एक फायदा असतो. सहा-आठ आठवड्यांनी आकडा १९० वर आला, तर मोठा वाटा कोणत्या औषधाचा होता, हे कळते. तो फारसा हलला नाही, तर आयसोट्रेटिनॉइनचा डोस कमी करण्याचा विचार करता येतो.

तूप-तेलाच्या भीतीने आयसोट्रेटिनॉइन उपाशीपोटी घेणारेही भेटतात. ही गोळी जेवणासोबतच नीट शोषली जाते. उपाशीपोटी घेतल्यास आकडा बरा दिसेलही, पण औषधच कमी पोचल्यामुळे मुरुम हटणार नाहीत.

स्टेरॉइडची गोष्ट थोडी वेगळी. अंगावर पित्त उठले, दमा वाढला किंवा सांधे दुखले म्हणून घेतलेली प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथॅसोनची गोळी ‘चालू औषधांत’ सांगायची असते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ती इन्सुलिनचा प्रभाव कमी करते, त्यामुळे साखर आणि ट्रायग्लिसराइड्स एकत्र वाढताना दिसतात. डोस मोठा आणि काळ लांब असेल, तर एलडीएलही वाढू शकते. स्टेरॉइडमुळे मुरुम येतात आणि त्या मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन सुरू होते, असा उफराटा प्रकारही घडतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड लिपिडच्या अहवालापायी एकदम सोडू नये, कारण शरीराची स्वतःची कॉर्टिसोलची निर्मिती तोवर मंदावलेली असू शकते. डोस उतरवणे डॉक्टरांनीच ठरवावे. व्यायामशाळेत स्नायूंसाठी घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅनाबॉलिक गोळ्या मात्र निराळ्या. त्यांच्यात एचडीएल झपाट्याने खाली येते आणि एलडीएल वर जाते, ट्रायग्लिसराइड्स बहुधा फारसे हलत नाहीत.

ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर गेल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे. १००० च्या आसपास आणि पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा असतो. पोटाच्या वरच्या भागात उठलेली, पाठीकडे जाणारी तीव्र कळ आणि सोबत उलट्या, असे झाल्यास रुग्णालय गाठावे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. औषधे थांबवून दोन महिने उलटल्यावरही आकडा उतरला नाही, तर दोष गोळ्यांवर न ढकलता थायरॉइड आणि गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी तपासून घ्यावे.