पहिल्या पाच सेकंदांची पटकथा: स्किप होणारी जाहिरात पुन्हा लिहिताना

यूट्यूबवरच्या स्किप करता येणाऱ्या जाहिरातीत 'स्किप'चं बटण पाच सेकंदांनी चालू होतं. नवे लेखक लगेच प्रश्न विचारतात, प्रेक्षकाला बटण दाबण्यापासून अडवायचं कसं? प्रश्नच चुकीचा आहे. बहुतेक लोक बटण दाबणारच. दाबून निघून जाणाऱ्याच्या डोक्यात काय उरलं, हे विचारलं तर पटकथा वेगळी लिहिली जाते.

यामागे पैशांचंही गणित आहे. व्ह्यूमागे पैसे मोजण्याच्या पद्धतीत प्रेक्षकाने 30 सेकंद पाहिलं तरच व्ह्यू धरला जातो. जाहिरात त्याहून छोटी असेल तर ती शेवटपर्यंत पाहावी लागते. मधेच कुणी क्लिक केलं तर तोही धरतात. सहाव्या सेकंदाला स्किप करणाऱ्याचे पैसे लागत नाहीत, म्हणजे त्याला सांगितलेलं वाक्य फुकटात पोचलं. अमेरिकेतल्या गायको या विमा कंपनीने 2015 मध्ये यावरच अख्खी मालिका बेतली. मुद्दा पहिल्या पाच सेकंदांत संपतो आणि निवेदक सांगतो की जाहिरात आधीच संपली आहे, आता स्किप कसली करता! पुढे माणसं जागच्या जागी गोठल्यासारखी बसतात आणि घरातला कुत्रा टेबलावर चढून जेवण फस्त करतो.

आता एक पटकथा हातात घेऊ. उत्पादन आहे शेतीपंपाचा मोबाइल स्टार्टर. नाव 'अमुक' धरू. आत सिमकार्ड असतं. फोन केला की मोटार चालू होते, एखादा फेज गेला की मेसेज येतो. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. त्यामुळे गरज समजावून सांगत बसावं लागत नाही.

मूळ 30 सेकंदांची पटकथा टीव्हीच्या वळणाची आहे. पहिले सहा सेकंद गावावरची पहाट, बासरी, ड्रोनने टिपलेलं शिवार. मग रात्री शेतकरी बॅटरी घेऊन बांधावरून जातो, पाय घसरतो, बायको दारात वाट पाहते. अठराव्या सेकंदाला मुलगा स्टार्टरचा डबा दाखवतो, बाविसाव्या सेकंदाला "आता मोटार मोबाइलवर", आणि शेवटचे तीन सेकंद लोगो. पाचव्या सेकंदाला गेलेल्या माणसाने फक्त ड्रोन पाहिला.

पहिली पायरी कागदावरची. मुद्दा एका वाक्यात लिहा, पण शेतकरी शेजाऱ्याला सांगेल तसा. 'स्मार्ट पंप नियंत्रण तंत्रज्ञान' असं कुणी बोलत नाही. मग ते वाक्य मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा. मनात वाचलं की वेळ कमी भरतो, फसगत होते. सहज बोलण्याच्या गतीने पाच सेकंदांत मराठीचे साधारण दहा-बारा शब्द बसतात, पण चित्राला आणि आवाजाला जागा द्यायची तर आठ-नऊच धरा. पहिला प्रयत्न असा:

"रात्री दोनला लाइट आली? झोपूनच मोटार चालू करा. अमुक मोबाइल स्टार्टर."

अकरा शब्द. बसतात, पण निवेदकाला धावावं लागतं आणि ब्रँडचं नाव शेवटी पाचव्या सेकंदावर चिरडलं जातं. दुसरा मसुदा:

"रात्रीची लाइट? अंथरुणातूनच मोटार चालू. अमुक मोबाइल स्टार्टर."

आठ शब्द. शेवटी अर्धा सेकंद मोकळा राहतो. तो पाण्याच्या आवाजाला द्यायचा.

चित्र दोन रकान्यांत लिहा: डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज, कडेला सेकंद. 0 ते 2: बाजेवर पांघरुणातला शेतकरी, फोन कानाला, स्क्रीनवर 'अमुक' नावाने सेव्ह केलेला नंबर. 2 ते 3.5: मोटारीजवळचा डबा, त्यावरचं नाव, लागलेला दिवा. 3.5 ते 5: पाइपातून हौदात पडणारं पाणी. नाव तीनदा येतं, दोनदा डोळ्यांना आणि एकदा कानाला, तरी कुठे लोगो झळकवावा लागत नाही. सुरुवातीला पांढऱ्या पडद्यावर लोगो ठेवला की मात्र लोकांचा अंगठा बटणाकडे जातोच.

हौद का, वावर का नाही? कारण पाटाने पाणी देत असाल तर मोटार घरून चालू झाली तरी दारं धरायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, कुणीतरी लागतंच. वाफ्यात वाहणारं पाणी दाखवलंत, तर पाहणारा शेतकरी "आणि दारं कोण मोडणार?" म्हणून हसेल आणि पुढे जाईल. हौद, शेततळं किंवा ठिबक दाखवलं की दावा खरा राहतो. पाच सेकंदांत खुलासा करायला जागा नसते, म्हणून दृश्यच वाद न उपजेल असं निवडायचं.

रात्रीच्या दृश्याचा एक धोका आहे. लोक फोन उन्हात, एसटीत पाहतात. काळं दृश्य तिथे नुसतं काळंच दिसतं. फोनचा उजेड चेहऱ्यावर पडेल असं पटकथेतच लिहून द्या. पडद्यावरची अक्षरं चार-पाच शब्दांपलीकडे नकोत, टाइप जाड हवा. बारीक टाइपात मात्रा आणि रफार छोट्या पडद्यावर गळतात. फ्रेमचा खालचा भाग मोकळा सोडा, कारण उजवीकडे स्किपचं बटण येतं आणि डावीकडे जाहिरातीची माहिती.

मुद्दा पुढे आणला की उरलेले 25 सेकंद पोकळ होतात, आणि बहुतेक पुनर्लेखनं इथेच फसतात. शेवटचा शॉट कापून पुढे चिकटवायचा आणि बाकी पटकथा तशीच ठेवायची, म्हणजे उत्तर सांगून झाल्यावर पुन्हा कोडं घालणं. थांबलेल्या माणसाला मोटार घरून चालू होते हे कळलेलंच आहे. त्याच्या मनात आता शंका आहेत: फेज गेला तर मोटार जळेल का? विहिरीचं पाणी संपलं तर? रेंज नसली तर? यातल्या दोनांना दहा-दहा सेकंद द्या, उरलेल्या पाचांत कुठे फोन करायचा ते सांगा. बांधावरून घसरणारा पाय गेला. वाईट वाटून घेऊ नका.

"थांबा! ही जाहिरात स्किप करू नका" आणि "तुम्हालाही त्रास होतो का?" या सुरुवाती टाळा. त्यांनी लक्ष वेधलं जातं, पण दोन-अडीच सेकंद जातात आणि वस्तू काय आहे ते कळत नाही.

चाचणी सोपी आहे. चित्रीकरणाआधी स्केचेस आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज जोडून पाच सेकंदांचा तुकडा करा. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सात-आठ जणांना एकदाच दाखवा आणि दहा मिनिटांनी दोन गोष्टी विचारा: कशाची जाहिरात, आणि त्यातून काय मिळतं? "शेतीचं काहीतरी" असं उत्तर आलं तर वस्तू ठळक झाली नाही. वस्तू सांगितली पण नाव नाही, तर नाव आधी आणा.

जाहिरात सुरू झाल्यावर व्ह्यू रेट, म्हणजे जाहिरात दिसलेल्यांपैकी किती जणांचा व्ह्यू धरला गेला ते प्रमाण, जरा घसरलेला दिसू शकतो. शेती नसलेल्यांना पाचव्या सेकंदालाच कळतं की हे आपलं काम नाही, आणि ते जातात. हा तोटा नव्हे. क्लायंट मात्र घाबरतो, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा. नीट तुलना करायची तर पुढचे 25 सेकंद तेच ठेवून पहिल्या पाचांच्या दोन आवृत्त्या करा, दोन्हींना सारखाच प्रेक्षक आणि सारखाच खर्च द्या, आणि प्रत्येकीत वेगळा फोन नंबर टाका. कोणत्या नंबरवर विचारणा जास्त आली, ते मोजा.