नॉच फिल्टर यंत्रावर चढवण्यापूर्वीची तयारी

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीमध्ये एका कटिंग टेबलाच्या सर्व्होची शिट्टी बंद करायला मी गेलो होतो, तेव्हा एकाच फ्रिक्वेन्सीभोवतीची अरुंद पट्टी खाचेसारखी दाबणारा, कागदावर अचूक असलेला नॉच फिल्टर घालूनही ती नुसती मंदावली, थांबली नाही. म्हणून आता निघण्यापूर्वी पुढील तयारी करून ठेवतो.

सर्वप्रथम दोन आकडे पक्के करावेत: नेहमीचा भार चढवलेला असताना मोजलेली रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी, आणि फिल्टर ज्या लूपमध्ये चालणार आहे त्याच लूपचा सॅम्पलिंग काळ. त्या टेबलावर हे आकडे 200 हर्ट्झ आणि 1 मिलिसेकंद होते. ड्राइव्हमध्ये करंट, वेग आणि पोझिशन या लूपचे काळ वेगवेगळे असू शकतात. 1 मिलिसेकंद धरून काढलेले गुणांक 0.5 मिलिसेकंदाच्या लूपमध्ये घातले, तर खाच सरळ 400 हर्ट्झवर जाऊन बसते.

त्यानंतर, सातत्य रूपातील फिल्टर सॅम्पलच्या रूपात आणणारे साधे टस्टिन रूपांतर ही खाच कुठे नेऊन ठेवेल हे हिशेबाने काढावे. या रूपांतरात, T हा सॅम्पलिंग काळ धरून, s च्या जागी `(2/T)(z-1)/(z+1)` येते, म्हणजे इंटिग्रेशन समलंब चौकोनांच्या क्षेत्रफळाने होते. स्थिर कंट्रोलर यात स्थिरच राहतो. परंतु अनंतापर्यंत पसरलेला फ्रिक्वेन्सीचा अक्ष सॅम्पलिंगच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, म्हणजे येथे 500 हर्ट्झच्या आत, दाबून बसवावा लागतो. हा दाब सगळीकडे सारखा नसतो, आणि त्यालाच फ्रिक्वेन्सी वॉर्पिंग म्हणतात. सातत्य रूपातील f ही फ्रिक्वेन्सी प्रत्यक्षात `atan(pi*f*T)/(pi*T)` येथे उतरते. 20 हर्ट्झची जागा जेमतेम 19.97 होते, ज्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. मात्र 200 ची 178.6 होते.

एकवीस हर्ट्झ चुकल्याने काय बिघडते, हे फिल्टरच्या रुंदीवर अवलंबून आहे. माझ्या फिल्टरमध्ये अंशातले डँपिंग z1 हे 0.05 आणि छेदातले z2 हे 0.5 होते, म्हणून 200 हर्ट्झला 20 डेसिबल घट अपेक्षित होती. मिळाली सुमारे 10.6, आणि शिवाय जेथे फेज शून्य असायला हवा तेथे जवळजवळ 55 अंशांची आघाडी आली. 0.01 आणि 0.1 असा अरुंद फिल्टर असता तर घट दोन डेसिबलही झाली नसती. शिट्टी कमी होते पण जात नाही, हीच याची खूण. अशा वेळी बहुतेक जण लूपचा गेन उतरवतात आणि खरे कारण तसेच राहून जाते.

उपाय प्री-वॉर्पिंगचा, म्हणजे रूपांतरानंतर खाच नेमकी रेझोनन्सच्या फ्रिक्वेन्सीवर, f0 वर, उतरेल अशी पट्टी आधीच बदलून घेण्याचा आहे, आणि गुणांक हाताने काढणेही अवघड नाही:

```
k  = tan(pi*f0*T)
a0 = 1 + 2*z2*k + k^2
b0 = (1 + 2*z1*k + k^2)/a0
b1 = 2*(k^2 - 1)/a0
b2 = (1 - 2*z1*k + k^2)/a0
a1 = b1
a2 = (1 - 2*z2*k + k^2)/a0
```

येथे k = 0.7265 येतो, आणि b0, b1, b2 अनुक्रमे 0.70995, -0.41886, 0.64550, तर a2 = 0.35545. b0+b1+b2 आणि 1+a1+a2 या दोन्ही बेरजा सारख्याच, 0.93659, याव्यात, न आल्यास शून्य फ्रिक्वेन्सीचा गेन 1 राहिलेला नाही आणि कुठेतरी चिन्ह उलटले आहे. हेच मॅटलॅबमध्ये करायचे असल्यास `PrewarpFrequency` ला रेडियन प्रति सेकंदात 1256.6 द्यावे, तेथे 200 लिहिण्याची चूक मी स्वतः केलेली आहे.

सर्वांत जपून घ्यायची काळजी ही, की प्री-वॉर्पिंग केवळ नॉचपुरते ठेवावे. ते एकाच फ्रिक्वेन्सीला जागेवर आणते आणि त्याची किंमत इतरत्र वसूल करते. लूपचा पीआय कंट्रोलर आणि नॉच एकत्र गुणून संपूर्ण कंट्रोलर 200 हर्ट्झवर प्री-वॉर्प केला, तर कमी फ्रिक्वेन्सीला पट्टी 0.865 पट होते: पीआयचा 5 हर्ट्झचा कोपरा 5.8 वर सरकतो आणि इंटिग्रलचा गेन सुमारे 16 टक्के वाढतो. म्हणून पीआय साध्या टस्टिनने आणि नॉच प्री-वॉर्प करून, दोन्ही वेगळे रूपांतरित करावेत आणि मगच एकामागे एक जोडावेत.

आउटपुट पुढच्या सॅम्पलपर्यंत धरून ठेवणाऱ्या होल्डचा अर्ध्या सॅम्पलचा विलंब मात्र यांपैकी कशानेही भरून निघत नाही. 200 हर्ट्झला तो 36 अंश आहे, म्हणून फेज मार्जिन काढताना तो वेगळा धरावा. गणनेला एक सॅम्पल लागत असेल तर आणखी 72 अंश.

शेवटी, सातत्य रूपातील मॉडेलचा आलेख पाहून समाधान मानू नये, कारण त्यात खाच नेहमी 200 वरच दिसते. ड्राइव्हमध्ये गेलेले, दशांशात कापलेले गुणांक परत वाचून त्यांचा फ्रिक्वेन्सी प्रतिसाद `freqz` ने काढावा, आणि यंत्रावर 150 ते 250 हर्ट्झचा साइन स्वीप देऊन सर्वांत खोल जागा कुठे येते ते नोंदवावे.