डेंटिस्टकडे पहिल्यांदा जाताना गोळ्यांच्या स्ट्रिप्स सोबत न्या

आईबाबांना पहिल्यांदा दाताच्या डॉक्टरकडे नेताय ना, तर चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्सच पिशवीत टाका, कारण रक्त पातळ करायची गोळी किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन हे सांगायचं हमखास राहून जातं आणि दात काढायचा असेल तर नेमकं तेच महत्त्वाचं असतं. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. शुगर असेल तर नाश्ता, औषध घेऊन सकाळचीच अपॉइंटमेंट घ्या.

रूट कॅनल सांगितलं की विचारा, एक्स-रेवर कीड कुठपर्यंत गेलीय ते दाखवा, थांबलो तर काय होईल? शांतपणे दाखवणारा डॉक्टर धरून ठेवा. हत्यारांचं सीलबंद पाकीट समोर फोडतात का तेही बघा. पुढची तपासणी साधारण सहा महिन्यांनी, शुगर किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल तर तीन-चार महिन्यांनीच.