किलोभर गरम मसाला: वाटीऐवजी वजनाचे भाग

वाटीच्या मापाने किलोभर मसाला केला की दर खेपेला वेगळा व्हायचा. कधी लवंग जिभेला झोंबायची, कधी दालचिनी लागायचीच नाही. लवंग कमी केली, पुन्हा भाजून पाहिलं, दोन दिवाळ्या वैतागात गेल्या. दोष वाटीचा होता: दालचिनीच्या काड्यांमध्ये पोकळी राहते, लवंग मात्र दाटून बसते.

यंदा इंदूरच्या सियागंज बाजारातून माल थोडा जास्तच आणला, कारण भाजल्यावर वजन घटतं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजून गार केला, मगच तोलला. धणे १० भाग, जिरे ५, मिरी २, दालचिनी, लवंग, वेलची १-१. एकूण २०, म्हणजे एक भाग ५० ग्रॅम: धणे ५००, जिरे २५०, मिरी १००, बाकी ५०-५०. सगळं अख्खंच कालवून थोडं थोडं दळलं आणि शेवटी सगळे घाणे परातीत पुन्हा एकत्र केले. पहिल्या आणि शेवटच्या बरणीचा वास आता सारखाच येतो.