बोनाफाईड आणि मायग्रेशनसाठी कॉलेजच्या ऑफिसला अर्ज करताना

माझ्या मामेबहिणीचं बीएस्सी मुंबई विद्यापीठाच्या एका कॉलेजातनं झालं आणि परदेशातल्या अ‍ॅडमिशनसाठी तिला जी कागदपत्रांची यादी आली त्यात बोनाफाईड आणि मायग्रेशन दोन्ही होतं. तिने सरळ एक अर्ज लिहिला, "मला बोनाफाईड व मायग्रेशन सर्टिफिकेट मिळावे ही विनंती", आणि खिडकीवर नेऊन दिला. ऑफिसातल्या मॅडमनी वाचला, परत सरकवला आणि म्हणाल्या, "मायग्रेशन आम्ही देतच नाही, कलिनाला विद्यापीठात जा." बोनाफाईडचं काय, तर तेही राहिलं, कारण अर्ज एकच आणि तो परत आला ना.

तर मुद्दा हा, की बोनाफाईड कॉलेज देतं आणि मायग्रेशन विद्यापीठ देतं. डिग्रीवर ज्या विद्यापीठाचं नाव छापलेलं असतं मायग्रेशन त्याचंच लागतं, कॉलेज ऑटोनॉमस असलं तरी. पण म्हणून कॉलेजला वगळून थेट कलिनाला धावायचं असंही नाही, कारण विद्यापीठ मायग्रेशन देताना तुमचा कॉलेजचा टीसी, म्हणजे ट्रान्सफरन्स किंवा लिव्हिंग सर्टिफिकेट, मागतं आणि तो कॉलेजच काढून देतं. म्हणजे कॉलेजकडे मागायचं काय, तर बोनाफाईड आणि मायग्रेशनसाठी लागणारा टीसी. अर्जात हे असंच लिहिलं की क्लार्कला काय करायचं ते कळतं. आणि शक्यतो दोन वेगळे अर्ज द्या, एकाच कागदावर नको. बऱ्याच ऑफिसात बोनाफाईडचं टेबल वेगळं, टीसीचं वेगळं, आणि एकाच्या ट्रेमध्ये अर्ज पडला की दुसऱ्याला पत्ताच नसतो.

आता टीसी मागायच्या आधी जरा थांबा. टीसी काढला म्हणजे कॉलेजच्या रजिस्टरमध्ये तुम्ही कॉलेज सोडलंत अशी नोंद होते आणि मायग्रेशन घेतलं म्हणजे विद्यापीठही सोडलंत. शेवटच्या सेमिस्टरचा रिझल्ट लागायचाय, किंवा एखादी केटी लटकलीय, तर हे दोन्ही आत्ता काढायचं कारणच नाही. अर्ज भरण्याच्या टप्प्यावर बोनाफाईड आणि आतापर्यंतच्या मार्कशीट्स बहुतेक ठिकाणी पुरतात. शिवाय मायग्रेशन ही आपल्याकडची पद्धत, बाहेरच्या कितीतरी युनिव्हर्सिट्यांना ते काय असतं हेही माहीत नसतं, पण एजंट लोक सगळ्यांना एकच छापील यादी देतात आणि मुलं घाबरून सगळंच काढत बसतात. म्हणून आधी अ‍ॅडमिशन ऑफिसला एक साधा मेल टाकून विचारा, मायग्रेशन खरंच लागतं का, लागत असेल तर अर्जासोबत की तिथे जॉईन होताना. बहिणीला उत्तर आलं की जॉईन होताना दाखवा, त्यामुळे तिने बोनाफाईड लगेच घेतलं आणि टीसीचं काम रिझल्टनंतर केलं.

दुसऱ्यांदा तिने बोनाफाईडसाठी जो अर्ज दिला तो साधारण असा होता:

प्रति,
मा. प्राचार्य,
(कॉलेजचं नाव), मुंबई

विषय: परदेशातील प्रवेशासाठी बोनाफाईड सर्टिफिकेट मिळण्याबाबत

महोदय,
मी आपल्या कॉलेजमध्ये जून (वर्ष) पासून (शाखा, वर्ग) या अभ्यासक्रमात शिकत आहे. माझा रोल नंबर (…) व पीआरएन (…) आहे. (देश) येथील (युनिव्हर्सिटी) मध्ये पुढील शिक्षणाच्या प्रवेशासाठी मला बोनाफाईड सर्टिफिकेट हवे आहे. ते इंग्रजीत, कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक, तारीख, सही व शिक्क्यासह मिळावे, ही विनंती. माझे नाव मार्कशीटवर (…) असे व पासपोर्टवर (…) असे आहे. सोबत शेवटची मार्कशीट, आयडी कार्ड व पासपोर्टचे पहिले पान यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाईल)

तुमचं कॉलेज आधीच संपलं असेल तर "शिकत आहे" नको, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत शिकलात ते लिहा, कारण माजी विद्यार्थ्याला "is" वालं बोनाफाईड मिळत नाही, "was" वालंच मिळतं आणि तेच बरोबर आहे. टीसीचा अर्जही याच साच्यात, फक्त कारणाच्या जागी "विद्यापीठाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट घेण्यासाठी" असं स्पष्ट लिहा आणि लायब्ररी, लॅबचं काही बाकी नाही याचा नो ड्यूज आधीच करून घ्या. तिथेच अर्ज अडकतात, कुठलंतरी पुस्तक कार्डवर दिसत असतं.

नावाची ओळ मी मुद्दाम घालायला सांगितली. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि वर आईचंही नाव असतं, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि आईचं नाव तर पुढच्या पानावर नसतंच. क्लार्क कॉलेजच्या रजिस्टरमध्ये जे आहे तेच टाइप करणार, पासपोर्टप्रमाणे बदलून द्या म्हणून भांडण्यात अर्थ नाही, त्यांना तो अधिकारच नसतो. मात्र क्रमाचा फरक असेल तर सहसा चालून जातं, स्पेलिंगचा असेल तर नाही. एका कागदावर डबल ए, दुसऱ्यावर सिंगल, असं असेल तर आत्ताच काय ते बघा, कारण तेच स्पेलिंग पुढे टीसीवर आणि तिथून मायग्रेशनवर उतरतं. सर्टिफिकेट हातात आलं की खिडकीवरच उभं राहून नाव, वर्ष, तारीख, जावक क्रमांक आणि गोल शिक्का तपासा, मागची रांग कितीही खाकरली तरी.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, नंबर मारून घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर गोड बोलून शिक्का मागायचाच, पुढच्या वेळी खिडकीवर दुसराच माणूस असतो. आणि जून-जुलैमध्ये हे काम काढू नका, तेव्हा ऑफिस नवीन अ‍ॅडमिशनमध्ये बुडालेलं असतं, प्राचार्यांची सही मिळायलाच दिवस जातात.

टीसी मिळाला की कलिनाला जायच्या आधी त्याच्या झेरॉक्स काढून कॉलेजकडूनच खऱ्या प्रतीचा शिक्का मारून घ्या. मूळ टीसी विद्यापीठात जमा होतो आणि डुप्लिकेट काढायचा म्हणजे अ‍ॅफिडेविटपासून सुरुवात. यातलं काहीही लॅमिनेट करू नका, घरचे हौसेने करून आणतात, मग अ‍ॅपॉस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून होणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणासाठी, मागच्या बाजूला शिक्का मारायला जागाच उरत नाही. आणि तुम्ही आधीच विमानात बसणार असाल तर आई-बाबांच्या नावाने सही केलेलं अधिकारपत्र आणि दोघांच्या आयडीची झेरॉक्स घरी ठेवून जा, त्याशिवाय खिडकीवर कुणाच्या हातात टीसी देत नाहीत.