मराठी टिपणांवरून गुंतवणूकदारांसाठी इंग्रजी अहवाल: आकडे जसेच्या तसे कसे न्यावेत

इंदुरातला एक छोटा नमकीन उद्योग समजा. माल सियागंजच्या ठोक व्यापाऱ्यांकडे आणि थोडा ऑनलाइन जातो. पैसे लावणारे चौघे, त्यातला एकही मराठी वाचणारा नाही. मालकीणबाई महिनाअखेरीला वहीत लिहितात ते असं:

> ऑक्टोबर २०२५. विक्री सव्वाअठरा लाख, जीएसटी धरून. परतीचा माल पाऊण लाख. सप्टेंबरच्या दीडपट झालं. वसुली अकरा. ३१ला बँकेत साडेएकवीसच्या आत. दरमहा पावणेतीन जातात. ग्वाल्हेरची ऑर्डर जवळपास पक्की, महिना दीड टन.

ज्याने लिहिलं त्याला यात काहीच अडत नाही. पण या टिपणाचं सरळ इंग्रजी केलं, तर निम्मे आकडे चुकीचा अर्थ घेऊन जातील.

आधी अंक, मग इंग्रजी

इंग्रजी वाक्याला हात लावण्यापूर्वी कागदावर तीन रकाने आखा: टिपणातले शब्द, त्यांचे अंक आणि तो आकडा कुठून आला ते. सव्वाअठरा म्हणजे १८.२५, पाऊण लाख म्हणजे ७५ हजार, पावणेतीन म्हणजे २.७५. सव्वा आणि साडे वर चढवतात, पावणे खाली उतरवतं. घाईत पावणेतीनचं ३.२५ किंवा ३.७५ होतं, आणि महिन्याच्या खर्चात असा फरक पडला की पैसे किती महिने पुरतील तो हिशोबच बदलतो. शेकड्यांतही तेच: सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५.

आपल्याकडे आणखी एक गंमत असते. वही मराठीत, पण मुनीमजी फोनवर हिंदीत आकडे सांगतात. उनसठ, उनहत्तर आणि उन्यासी म्हणजे ५९, ६९ आणि ७९, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी चाललेलं असतं. तोंडी आलेला आकडा एकेक अंक सुटा म्हणवून घ्या. हाताने लिहिलेली वही असेल तर देवनागरी ४ आणि इंग्रजी 8, तसंच देवनागरी १ आणि इंग्रजी 9 यांच्यात घोळ होतो. एकाच पानावर दोन्ही लिप्यांतले अंक असतील, तर शंका येईल तो प्रत्येक आकडा टॅलीत जाऊन बघा.

तिसरा रकाना भरताना वहीतला ‘सव्वाअठरा’ मागे पडतो. टॅलीत ऑक्टोबरची बिलं १८,२७,००० रुपयांची निघतात. वही अंदाज सांगते. अहवालात जाईल तो हिशोबाच्या पुस्तकातला आकडा.

विक्री म्हणजे नेमकं काय

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. १८.२७ लाखांत जीएसटी आहे आणि तो सरकारचा पैसा आहे. गुंतवणूकदार ‘रेव्हेन्यू’ वाचतो तेव्हा कर वगळून आणि परतीचा माल वजा करून उरलेली रक्कम धरतो. पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. म्हणजे ऑक्टोबरची बिलं ५ टक्क्यांची, पण सप्टेंबरची काही १२ची आणि काही ५ची. करासकट आकड्यांची तुलना केली तर सप्टेंबर उगाच फुगलेला दिसतो आणि वाढ खरीपेक्षा कमी भासते. परतीच्या मालातही जुन्या दराची पाकिटं असतात, त्यामुळे ७५ हजारांना सरसकट १.०५ने भागणंही बरोबर नाही.

सोपी वाट म्हणजे दोन्ही महिन्यांचं करपात्र मूल्य थेट टॅलीतून घेणं. आपल्या उदाहरणात ऑक्टोबरची बिलं करावेगळी १७,४०,००० आणि परतीचा माल ७०,०००, म्हणून निव्वळ विक्री १६,७०,०००. सप्टेंबरची त्याच पद्धतीने ११,२०,०००. तो महिना गेल्या वेळी वेगळ्या पद्धतीने कळवला असेल, तर या वेळी एका ओळीत तसं सांगा, नाहीतर जुना मेल उघडून बसलेला माणूस विचारणारच.

‘दीडपट’चा टक्का

दीडपट झालं म्हणजे ५० टक्के वाढ, १५० टक्के नव्हे. तसंच दुप्पट म्हणजे १०० टक्के वाढ. शब्दावरून टक्का काढूच नका, शीटमध्ये मांडा. जुना महिना B2 मध्ये आणि नवा C2 मध्ये असेल तर:

```
=(C2-B2)/B2
```

उत्तर ०.४९१ येतं, म्हणजे ४९ टक्के. आणि दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमारास होती, तेव्हा ही वाढ सणाची आहे हेही त्याच ओळीत यावं. गेल्या ऑक्टोबरचा आकडा हाताशी असेल तर तो शेजारी ठेवा. सणाच्या महिन्याला तीच खरी तुलना.

वसुली, शिल्लक आणि ‘जवळपास’

वसुली विक्रीच्या जागी बसवू नका. हाती आलेल्या ११.०८ लाखांत जीएसटी आहे आणि सप्टेंबरची जुनी उधारीही आहे. या रकमेला १६.७० लाखांनी भागून ‘वसुलीचा टक्का’ काढणारे भेटतात, पण त्या भागाकाराला अर्थ नाही. बँकेची शिल्लक तारखेसकट लिहा, कारण ३१ तारखेची २१.४६ लाख शिल्लक ५ तारखेला पगार झाल्यावर तेवढी राहत नाही. ‘पावणेतीन जातात’ यावर विचारून घ्या: एकूण खर्च की आवक वजा जाता पडणारी तूट? इथे ती ऑगस्ट ते ऑक्टोबरची सरासरी तूट आहे. २१.४६ भागिले २.७५ केलं की पैसे सुमारे ७.८ महिने पुरतात.

ग्वाल्हेरची ‘जवळपास पक्की’ ऑर्डर इंग्रजीत ‘कन्फर्म्ड’ होऊन गेली, तर पुढच्या महिन्यात जाब द्यावा लागेल. लेखी ऑर्डर हातात नाही, तर तेवढंच लिहा. दीड टन हा आकडाही तोवर गाळलेला बरा.

लाख की मिलियन

वाचणारे सगळे भारतातले असतील तर लाखच ठेवा. बाहेरचा कोणी असेल तर पूर्ण अहवाल मिलियनमध्ये करा, एक ओळ अशी आणि एक तशी नको. लाखाला दहाने भागलं की मिलियन: १६.७० लाख म्हणजे १.६७ मिलियन. स्वल्पविरामही बदलतात, १६,७०,००० चं 1,670,000 होतं. दहापटीची चूक बहुतेक इथेच होते. डॉलरमध्ये फिरवायचं झालं तर कोणत्या तारखेचा दर धरला ते शेजारी लिहा.

आता इंग्रजी. क्रियापदं जितकी कमी, तितकं बरं:

```
October 2025 (unaudited)
Net revenue, excl. GST, after returns: ₹16.70 lakh
  (Sept: ₹11.20 lakh; +49%, Diwali month)
Collections, incl. GST and older dues: ₹11.08 lakh
Cash in bank, 31 Oct: ₹21.46 lakh
Avg net burn, Aug–Oct: ₹2.75 lakh/month
Runway: about 7.8 months
Gwalior distributor: in discussion, no PO yet
```

उलटी तपासणी

पाठवण्याआधी हे इंग्रजी अशा कोणाला तरी द्या ज्याने मूळ वही पाहिलेली नाही, आणि प्रत्येक ओळ मराठीत मोठ्याने सांगायला लावा. तुम्ही समोर तीन रकान्यांचा कागद धरा. ‘सोळा लाख सत्तर हजार, कर सोडून’ असं आलं तर ओळ बरोबर. ‘एकशेसाठ लाख’ किंवा नुसतं ‘सोळा लाख विक्री’ आलं, तर ओळ पुन्हा लिहा. मेल गेल्यावर टॅलीत एखादी क्रेडिट नोट उशिरा चढली आणि आकडा बदलला, तर जुना मेल दुरुस्त करून नव्याने फिरवू नका. पुढच्या महिन्याच्या अहवालात जुना आकडा, नवा आकडा आणि कारण एका ओळीत द्या.